ॲरे जागच्या जागी फिरवणं: तीनदा उलटायचा की सरळ कॉपी करायची?

मराठवाड्यातला पावसाचा तक्ता जानेवारीपासून मांडला की वाचणाऱ्याची पंचाईत होते. पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, थोडाफार परतीचा ऑक्टोबरात, आणि त्याच पाण्यावर पुढचा मे महिना काढायचा असतो. विहिरी, बोअर, रब्बीची ज्वारी, टँकर कधी सुरू होणार याचा अंदाज, सगळं जूनपासून मोजलं तरच नीट दिसतं. म्हणून पाण्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. आकडे मात्र बऱ्याचदा कॅलेंडरच्या क्रमानं हाती येतात: पहिल्या घरात जानेवारी, शेवटच्या घरात डिसेंबर.

समजा बीड जिल्ह्याच्या दरमहा सरासरी पावसाचे १२ आकडे एका ॲरेमध्ये आहेत. आपल्याला जून पहिल्या घरात हवा. जानेवारी ते मे हे पाच महिने पुढून उचलून मागे जायला हवेत आणि बाकीचे सात पुढे सरकायला हवेत. प्रोग्रामिंगमध्ये याला ॲरे डावीकडे पाच घरं रोटेट करणं म्हणतात. उदाहरण सरासरीचं घेतलंय ते मुद्दाम. एकाच वर्षाचे आकडे असे फिरवले तर जून ते डिसेंबरच्या मागे त्याच वर्षाचे जानेवारी ते मे येऊन बसतील. ते महिने तर पावसाळ्याच्या आधीचे, म्हणजे आधीच्या पाणी-वर्षातले. असा तक्ता दिसायला बरोबर आणि अर्थानं चुकीचा असतो. सरासरीला ही अडचण नाही.

रोटेट करताना एक अट पाळायची असते. दोन गटांची जागा बदलते, पण गटाच्या आतला क्रम तसाच राहतो. जानेवारीनंतर फेब्रुवारीच यायला हवा, जूननंतर जुलैच.

पहिल्यांदा सुचतो तो उपाय असा: जानेवारी बाजूला काढा, बाकीचे अकरा महिने एकेक घर पुढे ओढा, शेवटी जानेवारी ठेवा. हेच पाच वेळा करा. उत्तर बरोबर येतं. पण एका फेरीला तेरा हालचाली लागतात, म्हणजे पाच फेऱ्यांना पासष्ट. बारा घरांपुरतं हे चालून जातं. तोच ॲरे ६७२ घरांचा असेल आणि ३३६ घरं फिरवायचा असेल, तर ६७३ गुणिले ३३६, म्हणजे सव्वादोन लाखांवर हालचाली होतात. प्रत्येक आकडा आपल्या जागेवर थेट जायचं सोडून एकेक घर सरकत जातोय, खर्च वाढतो तो तिथं.

आता तीन वेळा उलटण्याची पद्धत बघू. सुरुवातीचा ॲरे असा आहे, मधली रेघ पाच घरांनंतरची:

जाने, फेब्रु, मार्च, एप्रिल, मे | जून, जुलै, ऑग, सप्टें, ऑक्टो, नोव्हें, डिसें

पहिल्या पायरीत फक्त पुढचे पाच उलटे करायचे:

मे, एप्रिल, मार्च, फेब्रु, जाने | जून, जुलै, ऑग, सप्टें, ऑक्टो, नोव्हें, डिसें

दुसऱ्या पायरीत फक्त मागचे सात:

मे, एप्रिल, मार्च, फेब्रु, जाने | डिसें, नोव्हें, ऑक्टो, सप्टें, ऑग, जुलै, जून

आणि तिसऱ्या पायरीत रेघ विसरून सगळेच्या सगळे बारा:

जून, जुलै, ऑग, सप्टें, ऑक्टो, नोव्हें, डिसें, जाने, फेब्रु, मार्च, एप्रिल, मे

झालं. दुसरा ॲरे घेतला नाही. लागली ती अदलाबदलीपुरती एक जादा जागा आणि दोन-तीन इंडेक्स.

हे का जमतं ते नीट समजून घ्यावं, म्हणजे पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. पूर्ण ॲरे उलटला की दोन गोष्टी एकदम होतात. मागचा गट पुढे येतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. पण त्याचबरोबर प्रत्येक गट आतूनही उलटा होतो, आणि ते नको असतं. म्हणून प्रत्येक गट आधीच एकदा उलटून ठेवायचा. शेवटी सगळा ॲरे उलटताना तो गट दुसऱ्यांदा उलटतो, आणि दोनदा उलटलेलं पुन्हा सुलट होतं. गटांच्या जागांची अदलाबदल मात्र एकदाच होते, म्हणून ती टिकते.

एका महिन्याचा माग काढून बघा. ऑगस्ट सुरुवातीला इंडेक्स ७ वर आहे (मोजणी शून्यापासून). मागचा गट ५ ते ११ या घरांत आहे. तो उलटला की ऑगस्ट ५ + ११ − ७, म्हणजे ९ वर जातो. मग सगळा ॲरे उलटला की ११ − ९, म्हणजे २ वर. सातातून पाच गेले दोन. डावीकडे पाच घरं सरकायचं होतं, तेवढंच सरकलं. पुढच्या गटातला मार्च घ्या. तो इंडेक्स २ वर आहे आणि आपल्या पाच घरांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे पहिल्या पायरीत हलतच नाही. शेवटच्या पायरीत तो ११ − २, म्हणजे ९ वर पोचतो. त्याच्या पुढे आता सात महिने नवे येऊन बसले आहेत, दोन अधिक सात नऊ. कुठलाही महिना घेतला तरी हिशोब असाच जुळतो.

ही युक्ती जुनी आहे. केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये टेक्स्ट एडिटर लिहिताना ती वापरली होती, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेव्हाही ती प्रोग्रामर मंडळींमध्ये तोंडोतोंडी चालत आलेलीच होती. एडिटरमध्ये काही ओळी उचलून खाली नेणं म्हणजे शेजारच्या दोन गटांची अदलाबदलच.

सी भाषेत ती अशी लिहिता येते:

```c
void ulat(int a[], int i, int j) {
  while (i < j) {
    int t = a[i];
    a[i++] = a[j];
    a[j--] = t;
  }
}

void rotate_left(int a[], int n, int k) {
  if (n == 0) return;
  k = k % n;
  if (k < 0) k = k + n;
  ulat(a, 0, k - 1);
  ulat(a, k, n - 1);
  ulat(a, 0, n - 1);
}
```

सुरुवातीच्या तीन ओळी शोभेच्या नाहीत. बारा घरं १७ वेळा फिरवणं म्हणजे पाच वेळाच फिरवणं, म्हणून `k % n`. ॲरे रिकामा असेल तर हा भागाकार शून्यानं होईल, म्हणून त्याच्या आधीची तपासणी. आणि सी भाषेत ऋण संख्येची बाकी ऋणच येते, म्हणून नंतरची दुरुस्ती. पायथनमध्ये `-5 % 12` चं उत्तर ७ येतं, सीमध्ये −५. एका भाषेतून दुसरीकडे कोड उतरवताना ही ओळ हमखास राहून जाते. इंडेक्स साध्या `int` मध्ये ठेवलेत त्यालाही कारण आहे. `k` शून्य असेल तर `k - 1` उणे एक होतो, `i < j` ही अट लगेच खोटी ठरते आणि काहीच घडत नाही, जे बरोबर आहे. तेच इंडेक्स चिन्हरहित प्रकारात घेतले तर उणे एकाची प्रचंड मोठी संख्या होते आणि कोड ॲरेच्या बाहेर जाऊन लिहायला लागतो.

खरी गल्लत होते ती रेघ कुठं ओढायची यात. समजा कुणी पहिली पायरी ० ते `k` पर्यंत केली, `k - 1` पर्यंत नाही. मग इंडेक्स ५ चं घर दोन्ही गटांत धरलं जातं. वरच्या उदाहरणात याचं उत्तर असं येतं: जानेवारी, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. मधले बहुतेक महिने ओळीत दिसतात, फक्त जानेवारी सगळ्यात वर आणि जून सगळ्यात खाली. असं दोन्ही टोकांवर बिघडलेलं दिसलं की रेघेवरचं घर दोनदा मोजलं गेलंय असं समजावं.

दुसरी गल्लत पायऱ्यांच्या क्रमाची. सगळा ॲरे आधी उलटून मग गट उलटले तरी चालतं, पण तोवर सात महिन्यांचा गट पुढे आलेला असतो. त्यामुळे रेघ आता सातव्या घरानंतर, म्हणजे `n - k` वर असते. विसरून पाचावरच ठेवली तर तक्ता ऑगस्टपासून सुरू होतो: ऑगस्ट ते डिसेंबर, मग जानेवारी ते जुलै. इथं सगळे महिने ओळीत असतात, म्हणून चूक पटकन नजरेत भरत नाही. प्रत्यक्षात ॲरे डावीकडे न फिरता उजवीकडे पाच घरं फिरलेला असतो.

या दोन्ही चुकांत वर्षाची बेरीज तीच राहते. सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान आकडाही तोच. त्यामुळे बेरीज जुळली म्हणून कोड बरोबर, हे इथं धरून चालत नाही. तपासायचं असेल तर आकड्यांऐवजी घरांत १ ते १२ भरा, फिरवा आणि उत्तर डोळ्यांनी वाचा. पावसाच्या खऱ्या आकड्यांवर तपासत बसू नका. उन्हाळ्याच्या महिन्यांत शेजारचे आकडे इतके जवळचे असतात की अदलाबदल झालेली कळतही नाही.

आता खर्चाकडे वळू. लातूरच्या एका विद्यार्थिनीनं मला सरळच विचारलं होतं, "सर, दुसरा ॲरे घेऊन त्यात लिहिलं तर काय बिघडतंय?" प्रश्न अगदी योग्य आहे, आणि बारा महिन्यांच्या तक्त्यासाठी उत्तर आहे: काहीच बिघडत नाही.

हालचाली मोजून बघू. तीन उलटण्यांत पहिल्या पायरीला दोन अदलाबदली, दुसरीला तीन, तिसरीला सहा, एकूण अकरा. एका अदलाबदलीत ॲरेच्या दोन घरांत लिहावं लागतं, म्हणजे बावीस वेळा लिहिणं. दुसरा ॲरे घेऊन जून थेट पहिल्या घरात, जुलै दुसऱ्या घरात असं लिहीत गेलो तर बारा वेळाच लिहिणं होतं. तीन उलटण्यांत बहुतेक आकडे दोनदा हलतात, कॉपीत एकदाच. म्हणजे नवा ॲरे तसाच वापरता येत असेल, तर कॉपी लिहिण्याच्या मोजणीत स्वस्त पडते. पुन्हा मूळ ॲरेमध्येच आणून ठेवायचं असेल तर चोवीस होतात आणि तो फायदा जातो. दोन्ही पद्धतींचा वेळ ॲरेच्या लांबीच्या पटीतच वाढतो, लांबी दुप्पट केली की काम दुप्पट. फरक पडतो तो जागेत.

जागा कधी अडते, याचं एक जवळचं उदाहरण घेऊ. गावात पर्जन्यमापक बसवायचा म्हणून आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं आर्डुइनो उनो R3 हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेतात. त्या बोर्डावर काम करताना वापरायची मेमरी आहे २०४८ बाइट, आणि त्यावर एक `int` दोन बाइटचा असतो. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद घेतली तर दिवसाला ९६, आठवड्याला ६७२ नोंदी होतात. म्हणजे १३४४ बाइट. नोंदी गोल फिरत भरल्या जातात: शेवटचं घर भरलं की पुढची नोंद पुन्हा पहिल्या घरात, सगळ्यात जुनीच्या जागी. पहिला आठवडा भरून गेल्यावर कधीही बघितलं तर सगळ्यात जुनी नोंद बहुधा कुठंतरी मध्येच असते. सगळ्या नोंदी जुन्या-नव्या क्रमानं लावायच्या तर ॲरे फिरवायला हवा.

दुसरा ॲरे घ्यायला गेलो तर आणखी १३४४ बाइट लागतात, एकूण २६८८. बोर्डावर तेवढी मेमरीच नाही. दोन्ही ॲरे ग्लोबल असतील तर कंपाइल करतानाच `data section exceeds available space in board` असा निरोप येतो. हे बरं, निदान कळतं तरी. दुसरा ॲरे फंक्शनच्या आत घेतला असेल तर कोड बिनतक्रार चढतो, आणि चालू झाल्यावर ते फंक्शन आलं की बोर्ड आपोआप रीसेट होतो किंवा नोंदींत भलतेच आकडे दिसायला लागतात. मुलं मग सेन्सर बदलत बसतात, वायर तपासत बसतात. दोष असतो मेमरीत एकमेकांवर चढलेल्या जागांचा.

मधला मार्गही आहे. सगळा ॲरे कॉपी न करता दोन गटांपैकी लहान गट तेवढा बाजूला काढायचा, मोठा गट सरकवायचा आणि लहान गट शेवटी ठेवायचा. बारा महिन्यांच्या उदाहरणात पाच बाजूला, सात सरकवले, पाच परत: सतरा हालचाली, आणि जादा जागा फक्त पाच घरांची. मोठ्या कॉम्प्युटरवर मला ही पद्धत फार पटते. पण उनोवर वाईटात वाईट वेळी दोन्ही गट ३३६ नोंदींचे असतील. तेव्हा जादा ६७२ बाइट लागतील आणि एकूण २०१६ होतील. उरले ३२ बाइट. सीरियल पोर्टची दोन बफरच १२८ बाइट घेतात. म्हणजे हेही बसत नाही. इथं तीन उलटणीच कामाला येतात: जास्तीत जास्त ६७२ अदलाबदली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जादा बाइट.

जागा न वापरता प्रत्येक आकडा एकाच उडीत योग्य घरात नेण्याचीही एक पद्धत आहे, साखळी धरून जाण्याची: एक आकडा बाजूला काढायचा, त्या घरात जो यायला हवा तो थेट आणायचा, मग त्याच्या रिकाम्या घरात पुढचा, असं. बारा महिन्यांना त्यात तेराच हालचाली लागतात. पण ती ॲरेमध्ये लांब लांब उड्या मारते, आणि मोठ्या कॉम्प्युटरची कॅशे मेमरी शेजारची घरं एकदम आणून ठेवते, तो फायदा हातचा जातो. उलटणी दोन्ही टोकांकडून ओळीनं चालतात, म्हणून हालचाली जास्त असूनही प्रत्यक्षात ती बऱ्याचदा मागे पडत नाहीत. शिवाय साखळी लिहिताना चुका फार होतात.

जागच्या जागी फिरवण्याची एक किंमत मात्र बाइटमध्ये मोजता येत नाही: मधल्या वेळात ॲरे खरा नसतो. पहिली पायरी झाली आहे, दुसरी अर्धी झाली आहे, आणि नेमकी लाइट गेली. नोंदी एखाद्या फाइलमध्ये किंवा वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतील, तर लाइट आल्यावर हाती उरतं ते अर्धवट उलटलेलं काहीतरी. मूळ क्रम कुठंच शिल्लक नसतो. बेरीज बघून कळत नाही हे वर आलंच. कॉपीत असं होत नाही. नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी शाबूत असते, आणि शेवटी फक्त 'आता ही प्रत खरी' एवढी एक खूण बदलायची असते. एकाच वेळी दुसरा कुणी तोच ॲरे वाचत असेल तिथंही हाच धोका आहे. त्याला सप्टेंबरच्या जागी भलताच महिना वाचायला मिळू शकतो. म्हणून मेमरी पुरत असेल आणि आकडे जपायचे असतील, तर मी कॉपीच करायला सांगतो.

पायथन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. `a = a[k:] + a[:k]` ही ओळ सुटसुटीत आहे, पण ती जागच्या जागी फिरवत नाही. दोन तुकडे नवे बनतात आणि त्यांची मिळून तिसरी नवी यादी होते. फंक्शनच्या आत हे केलं तर बाहेरची यादी जशीच्या तशी राहते, आणि 'फंक्शन चालतच नाही' अशी तक्रार येते. `a[:] = a[k:] + a[:k]` लिहिलं तर बाहेरची यादी बदलते, पण मधल्या कॉप्या होतातच. तीन उलटणीसुद्धा `a[:k] = a[:k][::-1]` अशी लिहिली तर प्रत्येक पायरीला नवी यादी बनते. नाव जागच्या जागीचं आणि खर्च कॉपीचा. परीक्षेत जादा जागा न वापरण्याची अट असेल तर अदलाबदलीचा लूप हातानं लिहावा लागतो. रोजच्या कामात बारा-पंधरा महिन्यांच्या तक्त्याला पहिली ओळ उत्तम.

पर्जन्यमापकाच्या बाबतीत एक प्रश्न मात्र फिरवायला बसण्याआधीच विचारावा: ॲरे खरंच हलवायला हवा का? नोंदी फक्त क्रमानं वाचून पाठवायच्या असतील तर सगळ्यात जुन्या नोंदीचा इंडेक्स `start` मध्ये ठेवायचा आणि असं वाचत जायचं:

```c
for (int i = 0; i < n; i++) {
  Serial.println(a[(start + i) % n]);
}
```

एकही नोंद जागची हलत नाही, जादा ॲरे लागत नाही, आणि मध्येच वीज गेली म्हणून क्रम बिघडण्याचा प्रश्नही येत नाही. हे कुठं पुरत नाही? पुढचं फंक्शन दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीतलं असेल आणि त्याला शून्यापासून सुरू होणारा, सलग, क्रमानं लावलेला ॲरेच हवा असेल, तिथं. मेमरी दुसऱ्या प्रतीला पुरत नसेल तर त्या एका हाकेआधी `rotate_left(a, n, start)` करायचं, आणि झाल्यावर `start` शून्य करायला विसरायचं नाही. विसरलं तर पुढची नोंद जुन्या `start` च्या घरात, म्हणजे आठवड्याच्या ऐन मध्यावर लिहिली जाते.